सेक्शनच्या फोटोवरून खिडकीची उंची कशी काढायची

व्हॉट्सअ‍ॅपवर सेक्शनचा, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेल्या ड्रॉइंगचा, फोटो येतो, मजल्यांच्या लेव्हल लिहिलेल्या असतात, पण खिडकीचं सिल म्हणजे खालची कड आणि लिंटेल म्हणजे वरची तुळई किती उंचीवर आहे ते नेमकं लिहिलेलं नसतं. कोपऱ्यात १:१०० दिसतंय म्हणून स्क्रीनवर पट्टी लावू नका, तो स्केल कागदावरच्या प्रिंटचा आहे, फोटोत त्याला काही अर्थ उरत नाही. फोटोत खरं मानायचं ते फक्त लिहिलेले आकडे, बाकी सगळं त्यांच्यावरून काढायचं.

आधी लेव्हल शोधा. छोट्या त्रिकोणाशेजारी ±०.००, +३.१५ असे मीटरमधले आकडे असतात, आणि ±०.०० म्हणजे बहुतेक वेळा तळमजल्याची तयार लादी, बाहेरची जमीन नव्हे. जमीन त्याखाली −०.४५ वगैरे असते. त्रिकोणाचं टोक नक्की कुठल्या रेषेला टेकतंय ते झूम करून बघा, कारण स्लॅबचा माथा आणि लादीचा माथा या दोन रेषा अगदी जवळ असतात आणि त्यांच्यात ५०-७५ मिमी सहज असतात. बाजूला एफएफएल लिहिलं असेल तर लादी, एसएसएल असेल तर स्लॅब.

आता एक उदाहरण घेऊ. फोटोत तीन लेव्हल आहेत: ±०.००, +३.१५ आणि +६.३०, म्हणजे दोन्ही मजले सारखेच, ३१५० मिमीचे. फोटो एडिटरमध्ये कर्सर नेला की पिक्सेलचा आकडा दिसतो, त्यावरून मोजलं तर खालचा मजला ९४५ पिक्सेल आणि वरचा ८८५. सारखे मजले वेगळे दिसतायत म्हणजे फोन तिरका धरला होता, वरचा भाग लांब गेला आणि आखडला. इथे बरेच जण 'चालतंय' म्हणून पुढे जातात.

असं दिसलं की आधी फोटो सरळ करा. स्कॅनर अ‍ॅपमध्ये किंवा एडिटरच्या पर्स्पेक्टिव्ह टूलमध्ये शीटच्या बॉर्डरचे चार कोपरे पकडायचे (कागदाच्या कडा नको, त्या मुडपलेल्या असतात). सरळ केल्यावर आपल्या फोटोत दोन्ही मजले ९००-९०० पिक्सेल झाले. ३१५० भागिले ९००, म्हणजे एका पिक्सेलला ३.५ मिमी. लादीपासून सिल २५७ पिक्सेलवर, म्हणजे ९०० मिमी, लिंटेलची खालची कड ६०० पिक्सेलवर, म्हणजे २१०० मिमी, आणि खिडकी १२०० मिमी उंच. सरळ न करता, खालच्या मजल्याचाच स्केल लावून, मी गंमत म्हणून काढून बघितलं तर सिल ९२३ आणि लिंटेल २१२३ आलं. वीसेक मिलिमीटरची ही चूक दोन्हीकडे सारखी असल्यामुळे खिडकीची उंची बरोबरच येते, म्हणून ती लक्षातच येत नाही.

सरळ करूनही दोन मजले जुळले नाहीत तर कागद फुगलेला किंवा घडी पडलेला आहे, सरळ रेषा वाकड्या दिसतील, आणि त्याला हे टूल काही करू शकत नाही. कागद सपाट करून दुसरा फोटो मागवा.

रुंदी काढायची असेल तर हाच ३.५ वापरू नका हं! टूल फोटो ताणताना उंची-रुंदीचं प्रमाण अंदाजाने ठरवतं. आडवं मोजायला आडवंच लिहिलेलं माप घ्या, दोन ग्रिडमधलं वगैरे, आणि त्याचा स्केल वेगळा काढा.

ओपनिंग नक्की कुठून कुठपर्यंत, हे सेक्शनमध्ये खिडकी कापली गेली असेल तरच नीट कळतं: भिंतीचं जाड रेषेतलं हॅच, म्हणजे कापलेला भाग दाखवणारं भरण, जिथे थांबतं ते सिल, जिथे परत सुरू होतं तो लिंटेलचा खालचा भाग. बारीक रेषेत दिसणारी खिडकी मागच्या भिंतीतली असते. एलिव्हेशनमध्ये, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूच्या ड्रॉइंगमध्ये, वरचा छज्जा लिंटेलची कड समजू नका, आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे तिथे जमिनीच्या रेषेपासून सिल मोजणं. आपल्या उदाहरणात जमीन −०.४५ वर धरली तर ते १३५० येईल, ९०० नाही, कारण मधली ४५० मिमीची प्लिंथ त्यात मिसळते.

आणि रेषाच तीन-चार पिक्सेल जाड असते, म्हणजे १०-१५ मिमीचा फरक धरूनच चालायचं. बोलणी करायला, अंदाज बांधायला हे पुरेसं आहे, पण खिडकीची फ्रेम या आकड्यावर ऑर्डर करू नका, त्यासाठी खिडकीचा डब्ल्यू१ सारखा टॅग बघून शेड्यूलचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या मापांच्या तक्त्याचा, फोटो मागवा.