दिवसाला ८० ऑर्डर्स: माणूस वाढवायचा की सिस्टीम बसवायची?

सांगलीहून आम्ही हळद, बेदाणे आणि कांदा-लसूण मसाला ऑनलाइन विकतो. मी आणि माझी मोठी जाऊ, दोघीच. दिवसाला २०-२५ ऑर्डर्स होत्या तोवर सगळं हातानं निभावत होतं. उन्हाळ्यात लोक वर्षभराचा मसाला भरतात. तेव्हा आकडा ८० च्या घरात गेला आणि दुपारी चारला कुरिअरचा मुलगा दारात उभा, निम्म्या पार्सलांना अजून लेबलही नाही, असं रोज व्हायला लागलं.

ताई म्हणाल्या, "अगं, कॉम्प्युटरवर बसणारी एक मुलगी ठेवू या. बारा-चौदा हजारात मिळेल." मला वाटत होतं, सॉफ्टवेअर घ्यावं. वाद घालण्यापेक्षा आम्ही मोबाइलचं स्टॉपवॉच लावून एकेका कामाला किती वेळ लागतो ते वहीत लिहायला सुरुवात केली. तुमचाही धंदा या वळणावर असेल, तर पैसे खर्च करायच्या आधी एवढं कराच.

आमचं सरासरी गणित असं निघालं. ऑर्डर वाचून ग्राहकाशी नक्की करायला २ मिनिटं, पैसे जमा झाले का ते बघायला दीड, कुरिअरच्या पोर्टलवर नाव-पत्ता भरायला ३, बिल आणि लेबल काढायला १, स्टॉकच्या शीटमध्ये वजा करायला १, ट्रॅकिंग नंबर कळवायला दीड आणि पॅकिंगला ४. एका ऑर्डरला एकूण १४ मिनिटं. ८० ऑर्डर्सचे १,१२० मिनिटं, म्हणजे साडेअठरा तासांहून जास्त. दोघींचे आठ-आठ तास धरले तरी हे बसत नाही.

त्या १४ मिनिटांतली साडेसहा मिनिटं, म्हणजे पत्ता, बिल, स्टॉक आणि ट्रॅकिंग, निव्वळ उतरवून काढायची आहेत. तीच माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी. ८० ऑर्डर्सना ५२० मिनिटं. नवी मुलगी आली असती तर तिचा अख्खा दिवस यातच गेला असता, आणि ऑर्डर्स १२० झाल्यावर दुसरी शोधावी लागली असती. १४ हजार पगार, महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास धरले तर तिच्या मिनिटाला साधारण १ रुपया १२ पैसे पडतात. म्हणजे फक्त उतरवण्याचा खर्च ऑर्डरमागे सात रुपयांच्या वर. वेबसाइट आणि शिपिंगचं सॉफ्टवेअर जोडून घ्यायला आम्हाला महिन्याला अडीच हजारांच्या आसपास खर्च येतो. तो महिन्याच्या २,०८० ऑर्डर्सवर वाटला की ऑर्डरमागे सव्वा रुपयाही होत नाही. २० ऑर्डर्सवर मात्र हाच खर्च ऑर्डरमागे पावणेपाच रुपयांवर जातो, आणि तेवढं काम घरचं माणूस दोन-सव्वादोन तासांत करतं. त्या टप्प्यावर सिस्टीमची घाई करू नका.

पण जे जे आपोआप होऊ शकतं ते सगळं करून घ्यावं, असंही नाही. पैसे तपासायचंच बघा. पेमेंट गेटवे लावला की ऑर्डर आणि पैसे आपोआप जुळतात. पण २ टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ६०० रुपयांच्या ऑर्डरवर १४ रुपये जातात. हातानं तपासायच्या दीड मिनिटाची किंमत दोन रुपयेसुद्धा नाही. म्हणून नव्या ग्राहकांसाठी वेबसाइटवर गेटवे ठेवला आणि व्हॉट्सॲपवरच्या जुन्या ग्राहकांकडून यूपीआयनं थेट खात्यातच पैसे घेतो. तिथे एक शिस्त पाळायची: स्क्रीनशॉटवर माल सोडायचा नाही. व्यवहाराचा १२ अंकी नंबर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसला, तरच पार्सल बांधायचं.

सिस्टीम बसवण्याआधी माल नीट लावावा लागतो, आणि हे काम कोणी सांगत नाही. आमच्या शीटमध्ये एकाच पाकिटाला "हळद अर्धा किलो", "हळद ५०० ग्रॅम" आणि "हळद पावडर" अशी तीन नावं होती. माणसाला ते एकच आहे हे कळतं, सॉफ्टवेअर तीन वेगळे माल धरतं आणि स्टॉक चुकीचा दाखवतं. प्रत्येक पाकिटाला `HLD-500` असा एकच कोड दिला, की तोच कोड वेबसाइटवर, शीटमध्ये आणि पाकिटावर.

दुसरी जागा वजनाची. कुरिअर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं, की किलो येतात. आमचं ९०० ग्रॅमचं पार्सल २५ × २० × १२ च्या खोक्यात गेलं की हिशेब १.२ किलोचा होतो आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे बिल दीड किलोचं लागतं. तेच २२ × १६ × १० च्या खोक्यात १ किलोत बसतं. हातानं भरताना खोकं समोर असतं, सिस्टीम मात्र एकदा भरून ठेवलेलं माप प्रत्येक ऑर्डरला लावते. माप चुकीचं असेल तर नंतर वजनाच्या फरकाचे पैसे कुरिअरसाठी आधीच भरून ठेवलेल्या वॉलेटमधून कापले जातात. वॉलेटच्या खात्यात अशी कपात वारंवार दिसली, तर आधी खोक्याची मापं तपासा.

तिसरं, अडवून ठेवायचे नियम. पिनकोड आणि गाव जुळत नाही, कॅश ऑन डिलिव्हरी १,५०० च्या वर आहे, किंवा एकाच नंबरवरून दिवसात दोन ऑर्डर्स आल्या, तर लेबल निघत नाही, ऑर्डर थांबते. आमच्याकडे दहातली एखादी अशी थांबते. "मारुती मंदिराजवळ, विटा" एवढ्याच पत्त्यावर पार्सल सोडलं तर ते आरटीओ, म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन', होऊन परत येतं आणि जाण्याचं भाडं तर गेलेलंच असतं, वर परतीचंही बहुतेक वेळा आपल्याच माथी येतं. तिथे फोनच लागतो. "काकू, गुरुवारी घरी आहात ना? पैसे तयार ठेवाल?" हे काम माणसाचंच आहे, मेसेजला लोक उत्तर देत नाहीत.

व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डर्स आता आम्ही वेबसाइटवर एकदाच भरतो, पुढचं सगळं तिथून सरकतं. अशा ३० ऑर्डर्सना ९० मिनिटं आणि अडलेल्या आठांना ४० मिनिटं. ५२० चे १३० मिनिटं झाले. एकूण काम १२ तासांवर आलं, म्हणजे दोघींत बसायला हवं.

तरीही आम्ही एक बाई ठेवल्या, दुपारी १२ ते ४, फक्त पॅकिंगला. कारण पॅकिंगची ३२० मिनिटं दिवसभरात कुठेही टाकता येत नाहीत. लेबलं बाराला निघतात, गाडी चारला येते, मध्ये चारच तास. एका जोडीनं ते होत नाही, दोन जोड्यांनी आरामात होतं. ऑर्डर्स वाढल्या तरी सॉफ्टवेअर तेवढंच राहतं, हात मात्र वाढवावे लागतात. मसाल्याच्या सीझनला आम्ही रोजंदारीवर आणखी एक जण घेतो.

तुमच्याकडे नेमकं काय हवं ते बघायला चार वाजता टेबलाशी उभं राहा. लेबलं निघालेली आहेत आणि खोकी रिकामी आहेत, तर हात कमी पडतायत. माल बांधून तयार आहे आणि लेबलांची वाट बघतोय, तर उतरवण्याचं काम तुंबलंय. दोन्ही कामं सुरळीत असून काही ऑर्डर्स बाजूला थांबलेल्या दिसल्या, तर बहुतेक पत्ते किंवा पैसे अडलेत, आणि तिथे फोन करणारं माणूस हवं.