कुत्र्याच्या पिल्लाचं नाव मैदानात हाक मारून ठरवा

आधी घरात चार नावं निवडा. समजा चिकू, माही, शेरू आणि बुंदी. मग सकाळी अंबाझरी तलावाकडे किंवा जवळच्या मैदानात दोघं जा. पिल्लाला नेऊ नका, त्याच्या लसी पूर्ण व्हायच्या असतात. पन्नासेक पावलांवरून एकाने नेहमीच्या हाकेच्या सुरात नावं उलटसुलट क्रमाने पुकारायची, दुसऱ्याने पाठ फिरवून उभं राहून जे ऐकू आलं ते लिहायचं.

अंतरावर व्यंजनं विरतात, स्वर तेवढे पोचतात. म्हणून ‘माही’ हे ‘नाही’सारखं ऐकू येतं, आणि रागावताना तोच शब्द वापरणार असाल तर पिल्लू गोंधळेल. घरातल्या मुलीला पिंकू म्हणत असाल तर ‘चिकू’वर दोघंही धावत येतील. ‘शेरू’ छान पोचतं, पण आपल्या नागपुरात गल्लीगल्लीत एक शेरू असतोच, त्यामुळे दुसऱ्याच्या हाकेवर तुमचा पळेल. ‘बुंदी’ दोनच अक्षरी, शेवटचा स्वर हवा तेवढा ताणता येतो. मी तेच ठेवेन.

वारा उलटा असेल तर जागा बदलून पुन्हा पुकारा. आणि हाक घरातल्या आजींनाही मारायला लावा, बारीक आवाजात काही नावं विरून जातात.