कठडा लावलात, पण फट पाहिलीत का?

मूल मोठ्या पलंगावर झोपू लागलं की आपल्याला भीती वाटते ती पडण्याची. बाजूला लावायच्या सुट्या कठड्याचा खरा धोका मात्र गादी आणि कठडा यांच्यामधल्या फटीत असतो. मूल त्यात घसरून अडकलं तर श्वास कोंडू शकतो, आणि हे आवाज न होता घडतं.

कठडा बसवल्यावर चादर काढा. गादी गुडघ्याने भिंतीकडे रेटा आणि त्याच वेळी कठडा बाहेर ओढा. मधे तळहात शिरला तर गादीखालचा पट्टा पलंगाच्या पलीकडच्या बाजूला ओढून घट्ट करा. फटीत उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल कोंबू नका, तो रात्रीतून सरकतो. भिंतीकडची फटही बघा; गादी तिकडूनही सुटते. पट्टा सैल पडतो, म्हणून दर आठवड्याला हीच तपासणी.

हा कठडा 2 ते 5 वर्षांच्या, स्वतः चढता-उतरता येणाऱ्या मुलांसाठीच. त्याहून लहान असेल तर गादी सरळ जमिनीवर, भिंतीपासून दूर. आणि बंक बेडचा वरचा मजला? 6 वर्षांपर्यंत नाहीच, कितीही हट्ट केला तरी.