सगळ्या रकान्यांत पाच: हॅलो इफेक्ट कागदावर कसा दिसतो

माणसाबद्दलचं एकच मत त्याच्या सगळ्या गुणांवर पसरतं, तो हॅलो इफेक्ट. एचआरच्या परीक्षेत एवढी व्याख्या लिहून गुण मिळतात. नोकरीत मात्र समोर भरलेला अप्रेझल फॉर्म येतो आणि त्यातला हॅलो आपल्यालाच ओळखावा लागतो. पुण्यात एमबीए करून मी चाकणच्या एका वाहनभागांच्या कारखान्यात लागले. पहिल्याच मार्चमध्ये मेंटेनन्स विभागाचे फॉर्म माझ्याकडे आले. ते हाताळताना माझी एक मोठी चूक झाली. तुमची होऊ नये म्हणून ती इथे सविस्तर सांगते.

आठ टेक्निशियन होते आणि प्रत्येकाला सहा निकषांवर 1 ते 5 गुण द्यायचे होते: कामाचा दर्जा, वेग, हजेरी, सुरक्षा, बिघाडाच्या नोंदी आणि सहकार्य. निकषाचं नाव आणि पुढे आकडे, एवढंच छापलेला हा फॉर्म म्हणजे ग्राफिक रेटिंग स्केल. भरायला सोपा, म्हणून बहुतेक ठिकाणी तोच चालतो. एकाला आपण 'अ' म्हणू. त्याचे गुण होते 5, 5, 5, 5, 4, 5. दुसरा 'क', त्याचे 2, 2, 3, 2, 2, 2. बाकीच्या सहा जणांतल्या पाचांच्या ओळीही अशाच सपाट होत्या, म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांत फरक शून्य किंवा एक.

हे सपाटपण हीच पहिली खूण. 1920 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात हेच पाहिलं. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचा एकमेकांशी जेवढा संबंध असायला हवा त्याहून तो कितीतरी जास्त दिसत होता. वरिष्ठांच्या मनात माणसाबद्दल एकच मत होतं आणि तेच चारही रकान्यांत उतरत होतं. 'हॅलो' हे नाव तिथूनच आलं. एका वाईट मताची सावली सगळीकडे पडली की त्याला हॉर्न इफेक्ट म्हणतात. 'क'चं तेच झालं होतं.

पण सपाट ओळ म्हणजे हॅलोच, असं लगेच धरून चालू नका. एखादा माणूस खरंच सहाही बाबतींत चांगला असू शकतो. म्हणून ज्या निकषाचा पुरावा मतावर अवलंबून नाही, असा एखादा आधी तपासायचा. मी बायोमेट्रिकची नोंद काढली. 'अ' वर्षभरात चौदा वेळा उशिरा आला होता आणि हजेरीत त्याला 5 होते. 'क' दोनदाच उशिरा आला होता, त्याला 3. आता शंका उरली नाही.

सुपरवायझरशी बोलले तेव्हा कारण उमगलं. दिवाळीच्या सुट्टीत प्रेस बंद पडली होती आणि 'अ'ने रात्रभर थांबून ती चालू केली होती. 'क'ने मात्र प्लांट हेडसमोर सुपरवायझरांशी वाद घातला होता. "मॅडम, मी कुणावर अन्याय केलेला नाही," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. मुद्दाम केलेला पक्षपात आणि हॅलो यांतला हा फरक लक्षात ठेवा. हॅलोमध्ये गुण देणाऱ्याला आपण काही वेगळं करतोय असं वाटतच नाही. त्यामुळे 'प्रामाणिकपणे भरा' असं सांगून काहीच हाती लागत नाही.

माझी चूक इथे झाली. मी सगळ्या सुपरवायझरांना मेल केला: सर्व निकषांना सारखे गुण देऊ नका, हॅलो इफेक्ट टाळा. चार दिवसांत फॉर्म परत आले. ओळी आता सपाट नव्हत्या. 'अ'च्या पाचांमध्ये सुरक्षेला 3 आणि वेगाला 4 आले होते, पण हजेरीचे 5 तसेच होते. आकडे इकडेतिकडे पसरवले होते, इतकंच. नंतर वाचनात आलं की बर्नार्डिन आणि पेन्स यांनी 1980 मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. चुका टाळायचं प्रशिक्षण दिल्यावर गुण देणाऱ्यांच्या चुका वरवर कमी दिसल्या, पण गुणांची अचूकता उलट घटली. आकड्यांमधली विविधता म्हणजे अचूकता नव्हे.

बेल कर्व्हचाही इथे उपयोग नसतो. सक्तीने ठरावीक टक्के लोक वर-खाली बसवले की सढळ हाताने गुण देण्याला आळा बसतो, कारण ती तुलना माणसामाणसांतली असते. हॅलो एकाच माणसाच्या निकषांमध्ये असतो, तो तसाच राहतो.

दुसऱ्या वेळी मी फॉर्मच बदलला. सुपरवायझरांनी हजेरीला गुण देणंच बंद केलं. तो रकाना एचआरने नोंदीवरून भरायचा. जे मोजता येतं त्यावर कुणाचं मत कशाला मागायचं? मग भरायची दिशा बदलली. एका माणसाचे सगळे निकष भरण्याऐवजी एका निकषावर आठही जण. एक कागद फक्त सुरक्षेचा, तो भरून माझ्याकडे द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुढचा निकष. शेजारी त्या माणसाचे आधीचे आकडे नसले की हात आपोआप तोच आकडा लिहीत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो आकड्यांना अर्थ द्यायला. बिघाडाच्या नोंदींमध्ये 5 म्हणजे काय? सुपरवायझरांना बसवून खरे प्रसंग सांगायला लावले आणि त्यांच्याच शब्दांत लिहिलं. 5: बिघाडाचं कारण, बदललेला भाग आणि लागलेला वेळ त्याच शिफ्टमध्ये रजिस्टरवर येतो. 3: नोंद होते, पण कारणाच्या जागी नुसतं 'दुरुस्त केले'. 1: दुसऱ्याने आठवण करून दिल्याशिवाय नोंद होत नाही. पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडल यांनी 1963 मध्ये मांडलेल्या, तुम्ही बार्स म्हणून शिकता त्या पद्धतीचं हे छोटं रूप. त्यातली एक पायरी गाळू नका: लिहिलेली वाक्यं दुसऱ्या गटाला देऊन कुठलं वाक्य कुठल्या निकषाचं ते ओळखायला सांगायचं. 'मशीन पुसून ठेवतो' हे निम्म्यांनी सुरक्षेत टाकलं, निम्म्यांनी दर्जात. ते वाक्य आम्ही काढून टाकलं. अशी दोन्हीकडची वाक्यं राहिली तर हॅलो मागच्या दाराने परत येतो. ही पद्धत वेळखाऊ आहे आणि प्रत्येक पदासाठी वेगळी करावी लागते, म्हणून आम्ही ती एकाच विभागापुरती केली.

सोबत प्रसंगांची वही सुरू केली: तारीख, काय घडलं, बस्स. दर महिन्याला माणशी दोन नोंदी. पहिल्या तिमाहीनंतर वह्या पाहिल्या तर एकीत तीन महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या होत्या. अशी वही आठवणीवरच चालते आणि आठवणीत हॅलो असतोच. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी स्वतः शॉपवर जाऊन वही बघू लागले.

पुढच्या मार्चमध्ये 'अ'ला दर्जा आणि वेगात 5, हजेरी 2, सुरक्षा 3, नोंदी 2, सहकार्य 5, बेरीज 22. 'क'ला दर्जा 4, वेग 3, हजेरी, सुरक्षा आणि नोंदी तिन्हींत 5, सहकार्य 2, बेरीज 24. सहकार्याच्या त्या 2 बद्दल मी विचारलं. सुपरवायझरांनी वही उघडून तारखेसह दोन प्रसंग दाखवले, म्हणून मी तो तसाच ठेवला.

आदल्या वर्षी 'अ'च्या फॉर्मवर प्रशिक्षणाच्या रकान्यात 'गरज नाही' लिहिलं होतं. या वेळी तिथे सुपरवायझरांच्या अक्षरात होतं: 'बिघाड रजिस्टर भरणे, दोन आठवडे, 'क'सोबत.'