स्तनदा मातेला हायड्रॉक्सियुरिया चालेल का? डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर औषधनिर्माता कसे शोधतो

पूर्व विदर्भातील ग्रामीण रुग्णालयाच्या औषध विभागात काम करताना सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरील औषधांविषयीचे प्रश्न वारंवार येतात. आमच्या तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आलेला असाच एक फोन मी येथे घेत आहे, कारण औषधाची माहिती कोठे शोधावी, किती शोधावी आणि कोठे थांबावे हे त्या एका प्रश्नातून पायरीपायरीने दाखवता येते. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी विचारले होते, "भाऊ, दूध पाजणाऱ्या आईला हायड्रॉक्सी चालते का?"

पहिली पायरी म्हणजे औषधाचे पूर्ण नाव निश्चित करणे. "हायड्रॉक्सी" या बोलीतल्या तुकड्यात निदान तीन औषधे लपलेली असतात: सिकलसेलचे हायड्रॉक्सियुरिया, संधिवातात वापरले जाणारे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि खाजेवर दिले जाणारे हायड्रॉक्सिझिन. फोनचा आवाज तुटत असेल तर चूक येथेच होते आणि पुढचा सगळा शोध कितीही नेटका केला तरी भलत्याच औषधाचा होतो. म्हणून मी नाव उच्चारून परत सांगतो, कशासाठी दिले आहे ते विचारतो आणि कॅप्सूल किती मिलिग्रॅमची आहे ते वेष्टनावरून वाचून दाखवायला सांगतो. ब्रिटिश संदर्भांत हेच औषध हायड्रॉक्सीकार्बामाइड या नावाने येते, तेही शोधापूर्वी लक्षात ठेवावे लागते.

दुसरी पायरी आहे ती प्रश्नामागचा प्रश्न काढण्याची, आणि माझ्या मते अर्धे उत्तर येथेच तयार होते. "चालते का" या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देता येईल, परंतु ते डॉक्टरांच्या उपयोगाचे असेलच असे नाही. मी विचारले की बाळ किती आठवड्यांचे आहे, दिवस पूर्ण भरून जन्मले का, वजन किती, केवळ आईच्या दुधावर आहे का, आई औषध आधीपासून घेत आहे की आता सुरू करायचे आहे, मात्रा किती, आणि उत्तर कधीपर्यंत हवे. कळले ते असे: आई चोवीस वर्षांची, वजन 48 किलो, बाळ दोन महिन्यांचे, पूर्ण दिवसांचे, वजन 4.2 किलो, केवळ आईच्या दुधावर. औषध गरोदरपणात थांबवले होते, आणि बाळंतपणानंतर आईला वेदनेचे दोन मोठे झटके येऊन गेले होते. पूर्वीची मात्रा रोज 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल होती. आई बाह्यरुग्ण विभागात बसलेली होती आणि तिची एस.टी. दीड वाजता सुटणार होती.

म्हणजे खरा प्रश्न असा होता: ही आई औषध आज पुन्हा सुरू करू शकते का, आणि करायचे तर दूध पाजण्याचे काय करावे? बारा चाळीसपर्यंत उत्तर देतो असे सांगून मी फोन ठेवला. ही वेळ ठरवून सांगणे आवश्यक असते, कारण त्यावरूनच किती खोल शोधायचे ते ठरते. तीस मिनिटांत शेकडो शोधनिबंध वाचता येत नाहीत. मात्र नीट निवडलेले तीन संदर्भ वाचता येतात.

तिसरी पायरी म्हणजे शोधाचा क्रम. आधी तयार संदर्भ, म्हणजे तज्ज्ञांनी मूळ अभ्यास वाचून संकलित केलेली माहिती; नंतर गरज असेल तर पबमेडसारखी शोधसूची; आणि शेवटी मूळ शोधनिबंध. सर्वसाधारण शोधयंत्रात औषधाचे नाव आणि "स्तनपान" असे शब्द टाकण्याचा मोह मी टाळतो, कारण वर येणारी पाने बहुधा रुग्णांसाठी लिहिलेली असतात, त्यांवर तारीख नसते, आणि हायड्रॉक्सियुरिया हे कर्करोगातही वापरले जाणारे औषध असल्याने तेथील मात्रांची माहिती सिकलसेलच्या माहितीत मिसळून जाते.

स्तनपानाच्या प्रश्नासाठी तयार संदर्भांत पहिला हात लॅक्टमेडकडे जावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने सुरू केलेला हा संग्रह विनामूल्य आहे आणि एन.सी.बी.आय. बुकशेल्फ या संकेतस्थळावर मिळतो. तेथे शोधचौकटीत मी असे टाकतो:

```
LactMed hydroxyurea
```

पान उघडल्यावर आधी शेवटच्या सुधारणेची तारीख पाहावी आणि टिपून ठेवावी. त्यानंतर सारांश न वाचता थेट दुधातील औषधाच्या पातळीचा भाग वाचण्याची मी सवय लावून घेतली आहे. सारांशात निष्कर्ष असतो, पण तो किती मातांच्या मोजमापावर उभा आहे हे पातळीच्या भागातच दिसते. बाळांवर झालेल्या परिणामांचा भाग त्याच्याच खाली असतो, आणि तेथे माहिती तुटपुंजी असेल तर तेही उत्तरात सांगावयाचे असते. आमच्याकडे दुपारनंतर नेटवर्क जाते, म्हणून नेहमी लागणाऱ्या औषधांची पाने मी तारखेसह साठवून ठेवली आहेत. मात्र साठवलेले पान सहा महिन्यांहून जुने असेल तर ते पुन्हा पाहिल्याशिवाय वापरत नाही.

दुसरा संदर्भ म्हणून मी डेलीमेड या अमेरिकी संकेतस्थळावरील औषधाचे अधिकृत माहितीपत्रक उघडले, आणि येथे अडचण उभी राहिली. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे की बाळावर गंभीर दुष्परिणामांची शक्यता असल्याने औषध चालू असताना स्तनपान करू नये. उलट लॅक्टमेडमध्ये अलीकडील मोजमापांचा आधार घेत दुधात उतरणारे प्रमाण कमी असल्याचे सांगितले आहे. दोन विश्वसनीय संदर्भ असे विरुद्ध दिशांना बोट दाखवतात तेव्हा एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवण्याची घाई करू नये. प्रत्येकाचे विधान कशावर आधारलेले आहे ते पाहावे. माहितीपत्रकातील इशारा औषधाच्या गुणधर्मावरून आलेला आहे: ते पेशींच्या वाढीत अडथळा आणते, म्हणून बाळाला धोका संभवतो. दुधातून प्रत्यक्षात किती औषध बाळाला मिळते याचे मोजमाप करून तो इशारा लिहिलेला नाही.

म्हणून चौथी पायरी, मूळ अभ्यासापर्यंत जाणे. पबमेडमध्ये शब्द मोकळेपणाने टाकण्याऐवजी विषयसूचीतील ठरलेले शब्द वापरले की अनावश्यक निकाल गळून पडतात:

```
hydroxyurea[MeSH Terms] AND (breast feeding[MeSH Terms] OR milk, human[MeSH Terms])
```

यातून मोजकेच निकाल येतात, आणि त्यांत 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा ठरला. सोळा स्तनदा स्त्रियांना 1000 मिलिग्रॅमची एकच मात्रा देऊन त्यांच्या दुधातील औषध मोजले गेले. बाळाला वजनाच्या हिशेबाने मिळू शकणारी मात्रा आईच्या मात्रेच्या सरासरी 3.4 टक्के निघाली, आणि दुधात उतरणाऱ्या औषधाचा मोठा भाग पहिल्या तीन तासांतच उतरतो असे दिसले. साधारणपणे 10 टक्क्यांपेक्षा कमी प्रमाण स्वीकारार्ह मानतात. पेशींवर काम करणाऱ्या औषधांबाबत मी त्याहून कडक राहणे पसंत करतो.

येथे एक सापळा सांगितला पाहिजे. लॅक्टमेड आणि हा शोधनिबंध दोन्ही एकच गोष्ट सांगतात म्हणून पुरावा दुप्पट झाला असे वाटू शकते, परंतु लॅक्टमेडने तोच निबंध आधारासाठी घेतला आहे. एकाच विहिरीचे पाणी दोन घागरींत भरल्याने पाणी वाढत नाही. दोन संदर्भ जुळले की मी खाली उतरून त्यांचे मूळ एकच आहे का ते पाहतो.

पाचवी पायरी म्हणजे आकडा आपल्या रुग्णावर लावून पाहणे. 500 मिलिग्रॅम 48 किलोंना वाटले की आईची मात्रा प्रतिकिलो सुमारे 10.4 मिलिग्रॅम येते. त्याचे 3.4 टक्के म्हणजे बाळाला प्रतिकिलो सुमारे 0.35 मिलिग्रॅम, 4.2 किलोच्या बाळाला दिवसाला दीड मिलिग्रॅमच्या आसपास. सिकलसेलच्या मुलांना उपचारासाठी सुरुवातीला प्रतिकिलो 20 मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा देण्याची शिफारस पाश्चात्य संदर्भांत आढळते. नागपूरच्या अभ्यासकांनी 2012 मध्ये मुलांवर प्रतिकिलो 10 मिलिग्रॅमच्या ठरावीक मात्रेचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामुळे आपल्याकडील मात्रा कमी दिसली तर ती चूक समजू नये. कोणत्याही हिशेबाने बाळाला पोहोचणारे प्रमाण उपचाराच्या मात्रेपेक्षा कितीतरी पटींनी कमी आहे. पण अभ्यासातील मात्रा एकदाच दिलेली होती आणि ही आई रोज घेणार आहे. तसेच दुधातून महिनोन्महिने औषध मिळालेल्या बाळांचा पाठपुरावा या अभ्यासात नाही. ही मर्यादा उत्तरात आलीच पाहिजे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे हे माहितीपत्रकात सापडत नाही. दोन महिन्यांच्या बाळाचे दूध तोडले तर डब्याचे दूध गावातील पाण्यात मिसळून द्यावे लागेल, आणि औषध तोडले तर आईला पुन्हा झटका येण्याचा धोका राहील. हा तोल डॉक्टर साधतील. औषधनिर्मात्याने तो त्यांच्यासमोर मांडायचा असतो.

बारा पस्तीसला मी फोन केला. उत्तर देताना निष्कर्ष आधी, आधार नंतर आणि मर्यादा शेवटी असा क्रम मी पाळतो, कारण बाहेर रुग्णांची रांग असताना डॉक्टरांचे लक्ष पहिल्या दोन वाक्यांवर असते. मी सांगितले: "मॅडम, रोज 500 मिलिग्रॅम देऊन स्तनपान चालू ठेवता येईल असा पुरावा आहे, मात्र तो मर्यादित आहे. कॅप्सूल घेतल्यानंतर तीन तास बाळाला पाजू नये. त्या वेळेसाठी दूध आधीच काढून ठेवावे, आणि मधल्या तीन तासांत काढलेले दूध टाकून द्यावे. रात्री बाळ सलग झोपते त्या वेळेच्या आधी कॅप्सूल घेतली तर हे सोपे जाईल. माहितीपत्रक याच्या विरुद्ध सांगते, ते मोजमापावर नव्हे तर संभाव्य धोक्यावर आधारलेले आहे. सोळा स्त्रियांचा, एका मात्रेचा अभ्यास आहे. म्हणून आईबरोबर बाळाचीही रक्तपेशींची तपासणी ठेवावी असे मला वाटते." कॅप्सूल घरी उघडू नये, हेही आईला समजावून सांगण्यास सुचवले.

नंतर नोंदवहीत प्रश्न, विचारलेली माहिती, वापरलेले शब्द, पानांच्या तारखा, हिशेब आणि दिलेले उत्तर लिहिले. कारण महिन्याभराने मॅडमचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न होता, "त्या दिवशी तीन तास म्हणाला होता की चार?" आईने रात्री नऊला कॅप्सूल घेण्याची वेळ ठरवली होती, आशाताई ती पाळली जाते का ते पाहत होत्या, आणि मायलेकरांच्या रक्ताचे अहवाल मॅडमनी मला फोनवर वाचून दाखवले, ते मी त्याच नोंदीखाली तारखेसह उतरवून घेतले.