दुकानाच्या स्वतःच्या नावाचे पोहे: नक्कल न वाटणारी मालिका कशी उभारावी

सुपरमार्केटने स्वतःच्या नावाचा माल काढायचा ठरवला की बहुधा सर्वांत खपणाऱ्या ब्रँडचे पाकीट डिझाइन करणाऱ्यासमोर ठेवले जाते आणि "असेच, पण थोडे स्वस्त" असे सांगितले जाते. मालावर स्वस्त नकलेचा शिक्का बसतो तो याच वाक्यापासून. इंदूरच्या एका मध्यम आकाराच्या दुकानाला पोह्यांपासून सुरुवात करायची आहे असे धरून हे काम टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा वस्तू निवडण्याचा. टूथपेस्टसारख्या वस्तूत ग्राहक नावावर विसंबतो, कारण आतला माल त्याला पारखता येत नाही. पोहे मात्र तो बोटांत चुरडून पाहतो, आणि इंदुरात तर रोज सकाळी खातो. उज्जैनच्या पोहा गिरण्याही जवळच आहेत, त्यामुळे मालकाला स्वतः जाऊन घाणा पाहता येतो.

दुसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो: पाकिटाआधी मालाचे लेखी निकष ठरवणे. ते घरातल्या वापरावरून ठरवावेत. इंदुरी पोहे वाफेवर ठेवले जातात आणि वर शेव, जिरावण मसाला पडेपर्यंत त्यांना मोकळे राहायचे असते. मराठी घरात दडप्या पोह्यांना आणि चिवड्याला पातळ पोहे लागतात, तर कांदेपोह्यांना जाड. म्हणून नुसते "उत्तम प्रतीचे पोहे" न विकता "वाफेचे पोहे", "कांदेपोह्यांचे पोहे" आणि "चिवड्याचे पोहे" अशी तीन पाकिटे करावीत. आपली ओळख इथेच तयार होते, कारण ही विभागणी दुसऱ्या कोणाच्या पाकिटावरून उचललेली नसते.

गिरणीकडून नमुना आला की शंभर ग्रॅम पोहे पिठाच्या चाळणीने चाळून खाली पडलेला भुगा वजन करावा आणि किती भुगा चालेल ते करारात लिहून घ्यावे. वाफेच्या पोह्यांचा नमुना धुऊन, निथळून, दहा मिनिटांनी दाणा दाबून पाहावा: आत कडक कणी लागता कामा नये आणि दाणा आपोआप फुटताही कामा नये. मग तेच पोहे परतून दीड तास वाफेवर ठेवावेत. गोळा झाला तर नमुना परत करावा, भाव कितीही चांगला असला तरी.

त्यानंतर वेष्टन. दुकानाचे नाव दर्शनी भागावर उघडपणे घालावे, कारण मोठ्या ब्रँडशी यमक जुळणारे नवे नाव पाहताच ग्राहकाला हेतू कळतो. रंगसंगतीची उसनवारी कायद्यानेही अंगलट येऊ शकते. 2003 साली दिल्ली उच्च न्यायालयाने कोलगेट आणि अँकर यांच्या वादात, नावे वेगळी असूनही, लाल-पांढऱ्या वेष्टनाच्या साम्यावरून अँकरला मनाई केली होती. आपले पाकीट आघाडीच्या ब्रँडशेजारी मांडून दोन मीटरवरून पाहावे. क्षणभरही गफलत झाली तर रचना बदलावी. पाकिटाला पारदर्शक खिडकी ठेवायची असेल तर ती तळापर्यंत न्यावी असे माझे ठाम मत आहे. भुगा तळाशीच साचतो आणि तो दिसणार म्हटल्यावर गिरणी आणि दुकान दोघेही चाळणीत हयगय करत नाहीत. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, परवाना क्रमांक हा कायदेशीर मजकूर सुवाच्य असावा. मालिकेत पुढे शेव आणायची असेल तर "रतलामी" शब्द जपून वापरावा, कारण रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे.

किमतीसाठी समजण्यापुरते आकडे घेऊ. आघाडीच्या ब्रँडचे अर्धा किलोचे पाकीट 50 रुपयांना आहे आणि आपला खरेदी, पॅकिंग व वाहतुकीसह खर्च 35 रुपये पडतो. कर बाजूला ठेवला तर 46 रुपयांना विकून 11 रुपये उरतात. 38 रुपयांना विकले तर 3 रुपये उरतात, शिवाय ग्राहक "यात काहीतरी कमी असणार" असे मनाशी धरतो, आणि त्या 3 रुपयांत चाळणीचा खर्च भागत नसल्याने पुढे तसेच घडते.

पाकिटे खालच्या फळीवर न ठेवता नजरेच्या उंचीवर मांडावीत आणि पहिले तीन महिने "एकावर एक मोफत" टाळावे. नुसती विक्री पाहून निष्कर्ष काढू नये, कारण उत्सुकतेपोटी एकदा सगळेच घेतात. पहिल्या महिन्यातल्या ग्राहकांपैकी किती जणांनी पुढच्या साठ दिवसांत तेच पाकीट पुन्हा नेले, हे सदस्य क्रमांकावरून बिलांत शोधावे. हे प्रमाण अचानक घसरले तर डिझाइनकाराला बोलावण्याआधी त्या काळातल्या बॅचचा राखून ठेवलेला नमुना काढून पुन्हा चाळावा.