जीएसटीवरील व्याज चुकीचे आकारल्याची नोटीस आल्यास उत्तर कसे द्यावे

GSTR-3B उशिरा भरल्याबद्दल आलेल्या व्याजाच्या नोटिशीत सर्वप्रथम एकच गोष्ट तपासावी, ती म्हणजे व्याज कोणत्या रकमेवर आकारले आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ५०(१) च्या परंतुकानुसार, त्या महिन्याचा व्यवहार त्याच महिन्याच्या विवरणपत्रात उशिरा दाखवला असेल, तर रोख खातेवहीतून भरलेल्या करावरच १८ टक्के व्याज लागते. ही तरतूद १ जुलै २०१७ पासून लागू आहे, तरीही क्रेडिटमधून वळता केलेला करही हिशेबात धरलेल्या नोटिसा येतात.

समजा, जून २०२३ चे विवरणपत्र २० जुलैऐवजी १९ ऑगस्टला भरले. एकूण कर १,८०,००० रुपये होता, त्यापैकी १,५०,००० क्रेडिटमधून आणि ३०,००० रोख भरले. मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून मोजल्यास विलंब ३० दिवसांचा होतो. नोटिशीत १,८०,००० वर २,६६३ रुपये मागितलेले असतात; प्रत्यक्षात देणे इतकेच:

```
30000 × 18% × 30/365 = 443.84
```

उत्तर लिहिण्यापूर्वी पोर्टलवरून त्या महिन्याचे GSTR-3B आणि रोख व क्रेडिट अशा दोन्ही खातेवह्यांचे उतारे काढावेत. रोख खात्यातील वजावटीची तारीख व रक्कम हाच तुमचा मुख्य पुरावा आहे. मान्य असलेले ४४४ रुपये DRC-03 या स्वेच्छेने रक्कम भरण्याच्या फॉर्मद्वारे आधीच भरावेत; वाद फक्त उरलेल्या रकमेपुरता राहिला की अधिकाऱ्यालाही निर्णय देणे सोपे जाते.

नोटीस DRC-01 स्वरूपात असेल, तर तिच्यात दिलेल्या मुदतीत DRC-06 मध्ये उत्तर द्यावे. मजकूर असा असू शकतो: “सदर नोटिशीत एकूण करदायित्वावर व्याज आकारले आहे. कलम ५०(१) चे परंतुक व नियम ८८ब(१) नुसार ते रोख भरलेल्या ३०,००० रुपयांवरच देय आहे. देय व्याज भरले असून उर्वरित मागणी रद्द करावी, ही विनंती. विरुद्ध निर्णय घ्यावयाचा असल्यास वैयक्तिक सुनावणी द्यावी.” सोबत गणनेचा तक्ता, उतारे आणि DRC-03 ची पावती जोडावी.

मात्र हा बचाव सर्वत्र चालत नाही. मागील महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात दाखवली असेल, किंवा न भरलेल्या कराच्या मागणीसाठी कलम ७३ अथवा ७४ ची कारवाई सुरू झाल्यानंतर त्या कालावधीचे विवरणपत्र भरले असेल, तर परंतुकाची सवलत मिळत नाही. अशा वेळी पूर्ण रकमेवरील व्याजाला आव्हान देण्यापेक्षा दिवसांची मोजणी तपासणे अधिक उपयोगी ठरते.

मागणी कायम करणारा DRC-07 आदेश निघाला असेल, तर DRC-06 चा उपयोग नाही. आदेशात उघड दिसणारी चूक असल्यास कलम १६१ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा; पण आदेश मिळाल्यापासून अपिलाची तीन महिन्यांची मुदत चालूच राहते, म्हणून दुरुस्तीच्या उत्तराची वाट पाहत ती हुकू देऊ नये.